शिलूची बुटकी बाज

पुंजाराम कंडक्टर घरी आला की आधी उंबऱ्यावर बसायचा आणि चपला काढल्यावर आपलेच पाय असे बघायचा, जसे कुणी दुसऱ्याचे आणून ठेवलेत. जाफराबाद–जालना, जालना–जाफराबाद. दिवसभरात किती फेऱ्या, त्याचा हिशेब पायांना ठाऊक. गाडीत बसायला त्याची एक जागा असते म्हणतात, पण टेंभुर्णीच्या पुढं ती जागा कधी रिकामी राहिलीय? कुणा म्हातारीला नाहीतर लेकुरवाळीला देऊन हा आपला दांड्याला टेकून उभा. अठरा वर्षं नोकरी झाली आणि त्यातली पंधरा तरी उभ्यानं गेली.

लग्न उशिरा झालं, लेकरू त्याहून उशिरा. त्यामुळं शिलू जन्मली तेव्हा घरात तिचं फार कौतुक. टेंभुर्णीत दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, मागं दगडाची पडकी भिंत, आणि त्या भिंतीत विंचू. पुंजारामची आई झुंबरबाई विंचवाला भारी घाबरायची. तिच्या माहेरी एक लेकरू विंचवानं गेलं होतं, ते ती कधी विसरली नाही. शिलू झोळीत मावेनाशी झाली, तेव्हा म्हातारीनं हुकूम सोडला, "भुईवर निजवायचं न्हाई म्हंजे न्हाई."

मग कडूबा सुताराकडून कठड्याची खाट करून घेतली. चारी बाजूंनी बाभळीचे गज, पाय कमरेइतके उंच, आणि प्रत्येक पायाखाली पाण्यानं भरलेली वाटी, म्हणजे विंचू काय, मुंगीसुद्धा वर चढायची नाही. गल्लीतल्या बाया बघायला यायच्या. "कोंबड्यांचं खुराडं केलंय का वो झुंबरबाई?" म्हणून हसायच्या. पण शिलू त्यात दोन वर्षं राजासारखी निजली. संध्याकाळी आत ठेवली की सकाळीच उठायची. पुंजारामला वाटायचं, देवानं आपले पाय बघूनच अशी गुणाची पोर दिली.

ब्याण्णव साल असंल. शिलूला अडीच वर्षं उलटून गेली होती आणि तिच्या आईला, कौसल्याला, दुसऱ्या खेपेचा सातवा महिना लागला होता. एका संध्याकाळी कौसल्या चुलीपाशी भाकरी करत होती, पुंजाराम नुकताच उंबऱ्यावर बसलेला. आतून धप्पकन आवाज आला. कठड्यावर पाय टाकून शिलू पलीकडं उतरायला गेली होती आणि कमरेइतक्या उंचीवरून डोक्यावर आपटली होती. पुंजारामचे पाय उठेपर्यंत कौसल्या धावली, वाकली, पोरीला उचलून छातीशी धरलं आणि तशीच भिंतीला टेकून खाली बसली. डोळ्यांपुढं अंधारी.

शिलूच्या कपाळाला लिंबाएवढं टेंगूळ आलं, पण पोरगी तासाभरात खेळायला लागली. कौसल्याला मात्र दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं तर डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, सुजलेली पावलं दाबून बघितली आणि चष्म्यावरून पुंजारामकडं बघितलं.

"बीपी वाढलंय. पोरीला उचलायचं नाही, वाकून ओझं घ्यायचं नाही. रात्रीची झोप पूर्ण झाली पाहिजे आणि दुपारी डाव्या कुशीवर आराम. दर आठ दिवसांनी दाखवा. उतरलं नाही तर जालन्याला भरती करावं लागेल, बाळंत होईस्तोवर."

बाळंत होईस्तोवर म्हणजे दोन महिने. पोर कुणाकडं? डबा कोण करील? आणि त्याहून मोठं, ते पोटातलं. परत येताना गाडीत कौसल्याच म्हणाली, "आवो, ती पुन्हा चढली तर मी काय बसून बघू का? हात आपोआप जाते."

"तुझ्या हातावरच ठरलंय मंग सारं," पुंजाराम म्हणाला.

आणि शिलू पुन्हा चढली. एकदा जमलं की लेकरू का सोडील? रोज संध्याकाळी एक पाय कठड्यावर, आणि घरातल्या तिघांचा जीव टांगणीला.

झुंबरबाईनं यावर उपाय काढला. "कडूबाला बलाव. कठडा हातभर उंच करून टाक. दुसरं आलं की कठडा त्याला लागंलच. बारशाच्या दिवशी नवा रंग देऊन त्याला आत घालू, अन् हिला खाली काढू. तवर राहू दे आतच."

कडूबा आला. साठीचा माणूस, कानावर पेन्सिल, बोलायला लागला की रंधा हातातच राहायचा. त्यानं खाटेभोवती एक फेरी मारली, शिलूला आत उभी केली आणि वरचा गज तिच्या छातीच्याही खाली येतो ते बघितलं.

"न्हाई करायचा उंच," तो म्हणाला.

"का वो? लाकूड न्हाई का?" म्हातारी.

"लाकूड हाये. पण झुंबरबाई, उंच केला तर ही पोरगी चढायची सोडंल का? चढंल अन् आणखी उंचावरून पडंल. लेकरू चढायला लागलं म्हंजे कठड्याचं काम सरलं. आता जल्दी काढा हिला बाहीर."

"बाळ आल्यावर काढू की."

"आन् मंग काय व्हतं ते माझ्या घरी बघा. नातू झाला त्या दिवशीच नातीला पाळण्यातून काढलं अन् त्याला घातलं. पोरगी दोन महिने त्या लेकराला चिमटे घेत व्हती. तिला वाटलं, हा कोण आलाय माझं अंथरूण बळकवायला. आता काढलं तर हिला दोन महिने मिळतेत. बाळ येईस्तोवर कठडा हिचा व्हता हेच इसरंल. अन् आलेलं बाळ काय पयल्या दिवशी कठड्यात निजनार हाये का? सहा महिने झोळीतच राहनार का न्हाई?"

ही साधी गोष्ट घरात कुणाच्या डोक्यात आली नव्हती. कौसल्या आतून हसली, पहिल्यांदाच त्या आठवड्यात.

मग ठरलं. घरात एक जुनी नवारीची बाज होती. कडूबानं तिचे पाय कापून दीड वीत ठेवले. शिलूनं स्वतः एक पाय धरला होता करवत चालताना, म्हणजे तिच्या मते तिनंच बाज केली. गोधड्यांतली लाल ठिगळाची तिनं निवडली. विंचवाचं काय, तर बाज भिंतीपासून हातभर सरकवली, पायाखाली त्याच वाट्या ठेवल्या, भिंतीतली भोकं पुंजारामनं सिमेंटानं बुजवली आणि दोन्ही वेळा अंथरूण झटकायचं ठरलं. पडलीच तर लागू नये म्हणून बाजूला जुनं जाजम. पोरगी आता मोकळी फिरणार, म्हणून रॉकेलची बाटली आणि काडेपेटी वरच्या फळीवर गेली, चुलीपुढं पाट आडवा लागला, आणि बाहेरच्या दाराला वरच्या बाजूनं कडी. कठडा त्याच दिवशी खोलून कडूबाच्या दुकानात माळ्यावर टाकला. म्हातारी म्हणाली, "इतकी घाई?" कडूबा म्हणाला, "डोळ्यापुढं राह्यला तर मागंल."

पहिले दोन दिवस नुसत्या दुपारच्या झोपेला बाज. शिलू मजेत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवण झालं, बाहेर नेऊन आणली, पाणी पाजलं, एक गोष्ट सांगितली, लाल ठिगळाची गोधडी पांघरली. पुंजाराम उंबऱ्यावर येऊन टेकतो न टेकतो, तोवर मागं दोन पावलं.

"बाबा."

"अगं, निज की."

"मी उतरले."

तिला कोण आनंद! कठडा नाही, गज नाही, पाय खाली टाकला की जमीन. पुंजारामनं आत नेऊन निजवली. परत आली. दरडावली, परत आली. रडायला लागली म्हणून गोष्ट सांगितली, तर गोष्टीसाठी आली. "बागुलबुवा धरून नेईल बघ," असं झुंबरबाई म्हणाली तेव्हा अंधाराला घाबरून आली. आणि म्हातारीला तिचं रडणं सोसवेना, म्हणून तिनं हळूच गूळ-शेंगदाणे तिच्या मुठीत दिले. त्यानंतर तर ती त्यासाठीच यायला लागली. शेवटी पुंजाराम तिच्यापाशी बाजेवर आडवा झाला, पाय बाजेच्या बाहेर, आणि स्वतःच घोरायला लागला. जाग आली तर बाज रिकामी. आतल्या खोलीत कौसल्या पोरीला मांडीवर घेऊन बसलेली, डोळे लाल.

असे पाच दिवस. पाचव्या दिवशी कौसल्याला तपासायला नेलं. पट्टा सुटला. बाई म्हणाल्या, "उतरलं नाही. पुढच्या आठवड्यात असंच असलं तर जालन्याची चिठ्ठी देते."

त्या रात्री पुंजाराम उंबऱ्यावर बसला तो उठेचना. झुंबरबाईनं ताट आणून पुढ्यात ठेवलं.

"पुन्हा कठडा आण म्हनते मी."

"पडंल, माय."

"मंग माझ्यापाशी निजव."

"तू गूळ देतीस अन् गोष्टी सांगतीस. तुझ्यापाशी ती बारा वाजेस्तोवर जागी राह्यते. मंग मधी उठून आईकडं जाते. कौसी उठते. असं करून करून आपण तिला जालन्याला पाठवून राह्यलो."

म्हातारीनं ताट मात्र पुढं सरकवलं.

त्याच आठवड्यात अंगारकी आली. राजूरच्या गणपतीला जादा गाड्या, आणि पुंजारामला जादा गाडीचं काम. राजूरला त्या दिवशी काय माणूस लोटतो हे ज्यानं बघितलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. दारातच सगळे उभे, मागं गाडी रिकामी. पुंजाराम सकाळपासून एकच वाक्य म्हणत होता, "पुढं सरका, पुढं सरका." कुणी सरकायचं, पुढच्या थांब्याला पुन्हा दारात यायचं. पुन्हा "पुढं सरका." दुपारी कधीतरी त्याच्या ध्यानात आलं की हे आपण दोन-तीनशे वेळा बोललो असू आणि एकदाही रागावलो नाही. रागवायला ताकद लागते. नव्या पोरासोरांना राग येतो, ते दारातल्या माणसाशी भांडतात, माणूस भांडणासाठी दारातच थांबतो, आणि गाडी उशिरा सुटते. जुना कंडक्टर वाद घालत नाही. एकच वाक्य, एकाच आवाजात, खांद्याला हलका हात, आणि दोन घंट्या. लोक शेवटी सरकतात, कारण दारात थांबून काही मिळत नाही.

तो दांड्याला टेकून उभा राहिला आणि घरातल्या दारात उभी शिलू त्याला दिसली. तिला दारात सगळं मिळत होतं. गोष्ट, गूळ, रागावणारा बाप, घाबरवणारी आजी. खेळच चालला होता तिचा.

संध्याकाळी त्यानं आईला समोर बसवलं.

"माय, आजपासून असं. ती उठली की मी तिचा हात धरून आत नेनार. उचलनार न्हाई. म्हननार, 'शिलू, झोपायची वेळ.' इतकंच. निजवनार, पांघरून घालनार, बाहीर येनार. गोष्ट न्हाई, रागवनं न्हाई. कौसीनं जागचं उठायचं न्हाई. तू गूळ द्यायचा न्हाई."

"पोरगी रडंल अन् मी दगडावानी बसू?"

"दगडावानी न्हाई. सकाळी दे. रातभर बाजेवर राह्यली तर उठल्यावर तूच दे गूळ, तुझ्या हातानं. मी न्हाई द्यायचो."

या शेवटच्यावर म्हातारी जरा नरमली. सकाळचा मान तिच्याकडं आला होता.

पहिल्या रात्री शिलू एकतीस वेळा उठली. पुंजारामनं मोजलं. माणसं मोजायची सवयच होती. एकतीस वेळा तो उठला, हात धरला, "शिलू, झोपायची वेळ," निजवली, आला. विसाव्याच्या पुढं त्याचे पाय त्याला विचारत होते की ही कुठली फेरी. चोविसाव्या वेळी शिलू जमिनीवर आडवी पडली आणि हंबरडा फोडला. झुंबरबाईनं पदर तोंडात धरला, पण जागची हलली नाही. पुंजाराम पोरीशेजारी उकिडवा बसला, ती उभी राहीस्तोवर थांबला, आणि पुन्हा तेच वाक्य.

दुसऱ्या रात्री एकोणीस. तिसऱ्या रात्री त्याला वाटलं आता संपलं, तर सव्वीस. तेव्हा मात्र तो उंबऱ्यावर येऊन डोकं धरून बसला. कौसल्या आतून हळूच म्हणाली, "मी एकदा नेऊ का?"

"पडून राह्य."

"तुमचे पाय..."

"माझे पाय माझ्यापाशी राहू दे. तू डाव्या कुशीवर हो."

चौथ्या रात्री आठ. पाचव्या रात्री तीन, आणि तिसऱ्या वेळी ती दारात आली, बापाकडं बघितलं, त्यानं उठायला हात टेकला तशी स्वतःच वळून परत गेली. सकाळी झुंबरबाईनं गुळाचा खडा असा दिला जसा मोठं बक्षीसच.

आणि नेमकं सहाव्या दिवशी पुंजारामची ड्यूटी बदलली. वस्तीची गाडी. संध्याकाळी आडवळणी गावात न्यायची, रात्री तिथंच मुक्काम, पहाटे परत. त्यानं बदलून मागितली, पण कुणी मोकळं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी कौसल्याची तपासणी.

निघताना तो आईला म्हणाला, "आज रात्री तू हायेस."

"मला कळतंय."

"माय, ती तुझ्याकडंच बघत राहील. तुला सोडनार न्हाई."

"कळतंय म्हनलं ना. तू तुझी गाडी बघ."

त्या गावात देवळापुढं गाडी लावली. ड्रायव्हर मारुतीच्या ओट्यावर आडवा झाला आणि गेला झोपी. पुंजाराम गाडीतल्या लांब बाकावर पडला, पण त्याला सारखं दिसत होतं की म्हातारी गुळाचा डबा काढतेय. एक खडा दिला की पाच रात्री गेल्या. पोरीला कळेल की बाप नसला तर आजी सैल, मग रोज चाचपून बघेल. पोरगी रडेल, आजी गूळ देईल, गोष्टी होतील, कौसल्या उठेल, वाकेल, उचलेल. आणि उद्या तो पट्टा. कधी नाही ते त्या रात्री त्याचे पाय लांब पसरलेले होते आणि झोप नव्हती.

सकाळी आठला घरी पोचला. उंबऱ्यावर न बसताच आत गेला. झुंबरबाई भिंतीला टेकून बसलेली, डोक्यावरचा पदर घसरलेला, डोळे सुजलेले. हातात गुळाचा डबा, झाकण घट्ट लावलेलं.

"किती?" त्यानं विचारलं.

"बावीस," म्हातारी म्हणाली. "तू नसलास की जास्त करते. बावीस बार उठली, बावीस बार नेली. तुझंच वाक्य म्हनलं. गुडघे बोलायलेत माझे. गूळ मागत व्हती, पाय धरले माझे तिनं. न्हाई देला." मग तिनं पदर सावरला. "इतकी रडली रे. न्हाई देला."

"कौसी?"

"निजलीया आजून. रातभर उठली न्हाई. दोनदा मी जाऊन बघितलं, श्वास चाललाय का म्हनून."

पुंजारामनं आईच्या हातातला डबा घेतला नाही. ते तिचं काम होतं. शिलू उठून आली तेव्हा झुंबरबाईनं झाकण उघडलं आणि एक नाही, दोन खडे दिले. पुंजारामनं तिकडं पाठ केली, दिसलंच नाही असं.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी पट्टा दोनदा बांधला. पहिल्या वेळी त्यांना खरं वाटलं नसावं. "उतरलंय," त्या म्हणाल्या. "सूजही कमी आहे. झोप होतेय का?"

"व्हतेय," कौसल्या म्हणाली.

"मग आता चिठ्ठी नको. अशीच झोप चालू ठेवा. आठ दिवसांनी या."

येताना गाडीत बसायला जागा मिळाली. पुंजाराम प्रवासी म्हणून बसलेला, त्यामुळं कंडक्टरनं ओळखीनं मुद्दाम विचारलं, "काय पुंजारामभाऊ, तिकीट?" आणि सगळी गाडी हसली. कौसल्याही हसली. तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं, भर गाडीत.

घरी आल्यावर झुंबरबाई कौसल्याला आत निजवायला घेऊन गेली. पुंजाराम बाहेरच्या खोलीत आला तर समोर ती बुटकी बाज. जरा टेकावं म्हणून बसला. पाय बाहेर, डोकं उशीवर, आणि पुढचं त्याला आठवत नाही.

मधेच डोळा उघडला. शिलू बाजेपाशी उभी होती. तो उठायला हात टेकणार, तोवर तिनं त्याचा हात धरून परत खाली ठेवला. लाल ठिगळाची गोधडी ओढत आणली आणि जमेल तशी त्याच्या पायांवर टाकली. ती गुडघ्यांपर्यंतच पुरली.

"बाबा, झोपायची वेळ," ती म्हणाली, अगदी त्याच्याच आवाजात, वर न बघता.

आणि वळून आजीकडं गेली, गूळ मागायला. झुंबरबाई म्हणाली, "सकाळी." पुंजारामनं ते ऐकलं, डोळे मिटले, आणि भर दुपारी, चार वाजता, तो घोरायला लागला.